प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम : अनुदानाचे स्वरूप आणि नवउद्योजकाची पात्रता

प्रधानमंत्री रोजगार योजना आणि ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रम या दोन योजनांचे एकत्रीकरण करून २००८ मध्ये हा कार्यक्रम सुरू करण्यात आला. खादी व ग्रामोद्योग आयोग ही त्याची राष्ट्रीय पातळीवरील प्रमुख संस्था होय. जिल्ह्यात खादी मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्यामार्फतही अर्ज स्वीकारले जातात. अर्थसाहाय्याची विचारणा करणारे पदवीधर विद्यार्थी बहुधा ‘पस्तीस टक्के पैसे सरकार देते’ एवढेच ऐकून आलेले असतात. हे पैसे कोणास, केव्हा आणि कोणत्या रूपात मिळतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२०२२ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार उत्पादन उद्योगासाठी ५० लाख व सेवा उद्योगासाठी २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प ग्राह्य धरला जातो. अर्जदाराचे वय १८ वर्षांहून अधिक असावे लागते. उत्पन्नाची मर्यादा नाही. उत्पादनात १० लाखांहून आणि सेवेत ५ लाखांहून मोठ्या प्रकल्पासाठी आठवी उत्तीर्ण ही अट आहे. सर्वसाधारण प्रवर्गास शहरी भागात १५ व ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान असून स्वतःचा वाटा १० टक्के असतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग इत्यादी विशेष प्रवर्गास अनुक्रमे २५ व ३५ टक्के अनुदान आणि केवळ ५ टक्के स्ववाटा अशी सवलत आहे. येथे ग्रामीण-शहरी हा भेद उद्योगाच्या जागेवरून ठरतो, अर्जदाराच्या निवासावरून नव्हे. गावात राहून नगरपालिका हद्दीत गाळा घेणाऱ्यास शहरी दरच लागू होतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात एक महिला कडक भाकरीचा उद्योग सुरू करू इच्छिते. यंत्रे व शेड मिळून ७.५ लाख आणि खेळते भांडवल २.५ लाख, असा १० लाखांचा प्रकल्प आहे. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरता येत नाही, म्हणून ती वगळली आहे. तिचा वाटा ५० हजार, बँक ९.५ लाख कर्ज मंजूर करते. अनुदान ३.५ लाख होते. ते संपूर्ण प्रकल्पखर्चावर मोजले जाते, कर्जावर नव्हे.

मात्र हे साडेतीन लाख तिच्या हाती कधीच येत नाहीत. कर्जाचा पहिला हप्ता दिल्यानंतर बँक अनुदानाची मागणी करते आणि आलेली रक्कम अर्जदाराच्या नावे तीन वर्षांच्या मुदतठेवीत ठेवते. या ठेवीवर व्याज मिळत नाही. पण तेवढ्याच रकमेच्या कर्जावर बँकेने व्याजही आकारावयाचे नसते. म्हणजे अनुदान जमा झाल्यापासून ९.५ लाखांच्या कर्जातील ६ लाखांवरच व्याज लागावे. व्याजदर ११ टक्के धरल्यास ३.५ लाखांवरील वर्षाचे व्याज ३८,५०० रुपये होते. बँकेने चुकून पूर्ण कर्जावर आकारणी केली तर हा भुर्दंड अर्जदारावर पडतो. कर्जखात्याच्या उताऱ्यावरून तो सहज ओळखता येतो; म्हणून पहिल्या वर्षीचा उतारा मागून पाहणे अगत्याचे आहे.

तीन वर्षांनंतर उद्योगाची प्रत्यक्ष पडताळणी होते आणि उद्योग चालू असल्यास ठेव कर्जखात्यात वळती होते. खेळत्या भांडवलाच्या मर्यादेचा या काळात किमान एकदा पूर्ण वापर झालेला असावा आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांहून कमी नसावा, अशीही अट आहे. अनुदान वाढावे म्हणून खेळते भांडवल फुगवून दाखविणाऱ्यांची अडचण येथेच होते. भाकरीच्या उद्योगात ज्वारीची खरेदी, मजुरी आणि दुकानदारांकडील उधारी यांचे एक आवर्तन किती दिवसांचे, यावरून ही रक्कम काढलेली असावी.

कागदपत्रांत आधार, पॅन, छायाचित्र, शैक्षणिक दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, ग्रामीण क्षेत्राचा दाखला, यंत्रांची दरपत्रके, जागेचा मालकी अथवा भाडेकरार आणि प्रकल्प अहवाल हे सामान्यतः मागितले जातात. उद्योजकता प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अतिलघु प्रकल्प वगळता अनुदानापूर्वी लागते. यांतील कमकुवत दुवा बहुतेक वेळा प्रकल्प अहवाल हाच असतो. दुसऱ्याच्या अहवालातील आकडे उतरवलेले असले, की मुलाखतीत ‘रोज किती भाकरी, कोणास, काय भावाने’ या प्रश्नावर अर्जदार गप्प होतो.

आणखी एका अटीकडे दुर्लक्ष होते. योजना केवळ नव्या उद्योगासाठी आहे आणि पती-पत्नी मिळून एका कुटुंबास एकदाच लाभ मिळतो. उत्साहाने आधीच यंत्र विकत घेऊन, उद्योगाची नोंदणी करून मग अर्ज करणाऱ्याचा उद्योग कागदोपत्री ‘अस्तित्वात असलेला’ ठरू शकतो. त्यामुळे यंत्रविक्रेत्याकडून प्रथम दरपत्रकच घ्यावे, खरेदी बँकेच्या मंजुरीनंतर करावी. अन्य शासकीय योजनेतून अनुदान घेतलेल्या उद्योगासही येथे पुन्हा अनुदान मिळत नाही.