टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की शुगरची गोळी उतरते

क्षयरोग दिनाच्या निमित्ताने गावोगावच्या शिबिरांच्या बातम्या आल्या. अक्कलकोट तालुक्यातल्या वाचकांनी फोटोही पाहिले असतील. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेपासून मधुमेहींना जोखमीच्या यादीत घालून त्यांची मुद्दाम तपासणी होते. हे योग्यच आहे, कारण मधुमेह असणाऱ्याला क्षय होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास तिप्पट असते. पण शिबिराची गोष्ट निदानापाशी संपते. खरी गुंतागुंत त्यानंतरच्या सहा महिन्यांत असते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते.

नमुन्यादाखल एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. मैंदर्गीकडचा छप्पन वर्षांचा शेतकरी, वजन ५२ किलो, नऊ वर्षांपासून मधुमेह. सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि दोन वेळा मेटफॉर्मिन. चार महिन्यांत सात किलो वजन घटले. घरचे म्हणाले, शुगर वाढली असणार. तपासली तर वाढलेलीच होती, एचबीए१सी १०.८. त्यामुळे वजन का घटले याचे उत्तर मिळाले असे सगळ्यांना वाटले आणि पुढे कोणी काही विचारले नाही. खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला. क्षयाचा डाग एरवी बहुधा वरच्या भागात असतो, म्हणून हा न्यूमोनिया ठरला आणि लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स झाला. आठवडाभर बरे वाटले.

इथे दोन ठिकाणी गाडी घसरली. मधुमेहात, विशेषतः शुगर फार चढलेली असेल तर, फुप्फुसाच्या खालच्या भागातला क्षय आणि तिथली पोकळी इतरांपेक्षा जास्त आढळते. दुसरे म्हणजे लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूवरही काही प्रमाणात चालते. त्यामुळे ताप दबतो, बेडक्यातले जंतू कमी होतात आणि निदान आठवडे-आठवडे लांबते. म्हणून मधुमेहीचा खोकला दोन आठवडे टिकला, किंवा वजन घटण्याचे कारण नुसत्या शुगरवर ढकलले जात असेल, तर अँटिबायोटिकआधी बेडका तपासायला पाठवावा. ट्रूनॅट किंवा सीबीनॅटवर काही तासांत निकाल मिळतो आणि रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही, हेही त्यातच कळते.

निदान झाले. ५२ किलोच्या माणसाला चार औषधांची एकत्रित गोळी रोज चार या हिशेबाने दोन महिने, मग तीन औषधांची चार महिने. लघवी केशरी होऊ लागली की रिफाम्पिसिन पोटात जात असल्याचे घरच्यांनाही कळते. याच औषधावर मला जरा थांबायचे आहे, कारण सगळा गुंता त्याच्यापाशी आहे.

रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावते. औषधांची मोडतोड करणारी तिथली विकरे ते वाढवते. क्षयाच्या जंतूंशी याचा काही संबंध नाही, पण शुगरच्या गोळ्या त्यात सापडतात. ग्लिमेपिराइडचे रक्तातले एकूण प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने खाली येते, तर ग्लिक्लाझाइडचे त्याहून बरेच जास्त. गोळी तीच, वेळ तीच, पण परिणाम अर्धवट. हा बदल एक-दोन आठवड्यांत पुरता होतो. त्यातच क्षयाच्या दाहामुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग दुसऱ्या महिन्यात उपाशीपोटी शुगर १९० येते आणि रुग्णाला ऐकावे लागते, “पथ्य पाळत नाही तुम्ही.” बिचाऱ्याने भाकरीही अर्धी केलेली असते! क्षयाच्या रुग्णाने अन्न कमी करणे हे तर उलटे संकट. त्याला डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे हवेतच. सोलापूरकराला शेंगाचटणी खा म्हणून सांगायला नको, पण कित्येक मधुमेही शुगरच्या धास्तीने तीही सोडतात.

मेटफॉर्मिनचे मात्र तसे होत नाही, कारण ते यकृतात मोडत नाही, मूत्रपिंडातून जसेच्या तसे बाहेर पडते. मूत्रपिंड ठीक असेल आणि रुग्ण अत्यवस्थ नसेल तर तेच आधाराचे औषध. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी सुमारे आठशे क्षयरुग्णांचा पाठपुरावा केला. त्यांतल्या चौथाईहून अधिक जणांना मधुमेह होता, आणि उपचाराच्या सुरुवातीच्या काळात मृत्यूचा धोका या गटात कितीतरी जास्त आढळला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. एवढ्यावरून मेटफॉर्मिनमुळेच ते वाचले असे म्हणता येत नाही, पण पहिल्या दोन महिन्यांत डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवे, हे त्यातून पक्के होते. शुगर फार चढलेली असेल तर या काळात सरळ इन्सुलिन द्यावे, असे बरेच डॉक्टर म्हणतात आणि मला ते पटते. आमच्याकडे इन्सुलिन म्हणजे शेवटचा उपाय अशी समजूत आहे. इथे ते काही महिन्यांपुरते असू शकते, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

आपल्या शेतकऱ्याची ग्लिमेपिराइड २ वरून ४ मिलिग्रॅम झाली. दोन महिन्यांनंतरच्या बेडक्यात जंतू दिसले. मधुमेहींत जंतू जायला वेळ लागतो, त्यामुळे लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. पण गप्प बसण्याचेही नाही. औषधाला दाद न देणारा जंतू तर नाही ना, हे पुन्हा तपासावे, गोळ्या खरोखर पोटात जातात का ते पाहावे, वजन वाढून वरच्या गटात गेले असेल तर गोळ्यांची संख्या बदलावी. त्याची तपासणी झाली, जंतू साधाच निघाला, पुढे बेडकाही निर्मळ झाला. सहा महिने संपले. टीबीच्या गोळ्या बंद.

आणि इथेच सर्वात कमी बोलला जाणारा धोका सुरू होतो. रिफाम्पिसिन थांबले की साधारण दोन आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येते. आता ४ मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड पूर्ण ताकदीने चालते, आणि क्षय गेल्यामुळे शरीरही इन्सुलिनला जास्त दाद देते. रात्री दोनला तो घामाने चिंब होऊन उठतो, हात थरथरतात, छाती धडधडते. रात्रीचा घाम म्हणजे टीबी परत आला, असेच घरच्यांना वाटते. सकाळी पुन्हा बेडका तपासायची धावपळ. प्रत्यक्षात त्या क्षणी ग्लुकोमीटरवर ५४ असते. त्यातून गुरुवारचा उपास असेल आणि गोळी नेहमीसारखी घेतली असेल तर विचारूच नका.

७० च्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी परत मोजावे आणि नंतर काहीतरी खायला द्यावे, कारण या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि शुगर पुन्हा उतरू शकते. रुग्ण शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. त्याच दिवशी डॉक्टरांकडून डोस कमी करून घ्यावा.

माझी तक्रार व्यवस्थेच्या रचनेबद्दल आहे. क्षयाच्या नोंदीत मधुमेह आहे की नाही हे लिहिले जाते. पण तो आजार सहा महिने बदलत राहतो आणि एकदा लिहिलेले ‘होय’ पुरेसे नसते. टीबीच्या उपचारकार्डावरच दर महिन्याच्या शुगरसाठी एक रकाना हवा, आणि पहिले दोन महिने तो दर आठवड्याचा. गोळ्या बंद होण्याच्या तारखेआधीच शुगरच्या डॉक्टरांना चिठ्ठी जायला हवी. ग्रामीण रुग्णालयात क्षयाचा कक्ष आणि असंसर्गजन्य आजारांचा कक्ष यांत फार तर एक व्हरांडा असतो. ती चिठ्ठी आशाताई हातोहात पोचवू शकतात.

उपचार संपल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचे असते. मधुमेहींत क्षय उलटण्याचे प्रमाण जास्त असल्याने ही तारीख चुकवू नये. पण तिच्याआधी, गोळ्या थांबल्यानंतरचे पहिले तीन आठवडे, रोज सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपण्यापूर्वी शुगर मोजून कागदावर लिहावी. सकाळचा आकडा शंभराच्या आसपास घसरत चालला असेल तर सत्तरची वाट पाहू नये, तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जावे.