'अपयशाबद्दल लिहा' असं फॉर्ममध्ये विचारलं, तर मुलांनी काय लिहावं?

लातूर आणि नांदेडमध्ये बारावी झालेल्या मुलाचा परिचय बहुतेक वेळा एका आकड्यात होतो. नीटला किती पडले, सीईटीला किती आले. त्यामुळे प्रवेशाच्या फॉर्ममध्ये 'तुमच्या एखाद्या अपयशाबद्दल लिहा' असा प्रश्न दिसला की मूलही गोंधळतं आणि घरातले मोठेही. अब्बूंना वाटतं, आपली कमजोरी आपल्याच हाताने कशाला सांगायची? मुलाला वाटतं, जितकं दुःख लिहू तितकं बरं. या दोन्ही टोकांनी निबंध बिघडतो. तो नेमका कुठे बिघडतो आणि कसा सुधारतो, ते आज एका उदाहरणातून पाहू.

आधी हा प्रश्न कुठे येतो ते स्पष्ट करून घेऊ. एमबीबीएस, इंजिनिअरिंग किंवा आपल्या विद्यापीठांतल्या बहुतेक कोर्सना निबंध लागतच नाही, तिथे गुणांवर काम होतं. अमेरिकेतली शेकडो कॉलेजं 'कॉमन अ‍ॅप' नावाच्या एकाच ऑनलाइन फॉर्मवर अर्ज घेतात. त्यातल्या मुख्य निबंधाला सात विषय दिलेले असतात आणि त्यातला एक अडचण, धक्का किंवा अपयश यावर असतो. त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला आणि तुम्ही त्यातून काय शिकलात, असं तिथे विचारलेलं असतं. शब्दमर्यादा 250 ते 650. भारतात सोनिपतच्या अशोका विद्यापीठासारख्या खाजगी विद्यापीठांतही फॉर्मसोबत लेखन आणि पुढे मुलाखत असते. ब्रिटनचा फॉर्म मात्र वेगळा आहे. तिथे 2026 च्या प्रवेशापासून तीन ठरावीक प्रश्न आहेत आणि भर विषयाच्या तयारीवर आहे. अमेरिकेसाठी लिहिलेला अपयशाचा निबंध तिथे तसाच चिकटवला तर तो वाया जातो.

आता उदाहरण. ही कोणी एक खरी मुलगी नाही, पण अशी मुलं आपल्या दोन्ही शहरांत सापडतील. मुलगी नांदेडची, अकरावीपासून लातूरला हॉस्टेलवर. नीटच्या 180 प्रश्नांपैकी तिने 171 सोडवले. त्यातले 103 बरोबर, 68 चूक. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा, म्हणजे 412 मधून 68 गेले, राहिले 344. पुढे एक वर्ष रिपीट केलं. दुसऱ्या वेळी 139 प्रश्न सोडवले, 112 बरोबर, 27 चूक, म्हणजे 421. सरकारी सीट तरीही मिळाली नाही. आता तिला बायॉलॉजीमध्येच पदवी करायची आहे आणि ती हा निबंध लिहायला बसली आहे.

तिचा पहिला मसुदा साधारण असा असेल: 'मी दोन वर्षं दिवसरात्र अभ्यास केला. पण पेपर खूप कठीण आला आणि माझं स्वप्न तुटलं. मी अनेक रात्री रडले. अब्बूंनी कर्ज काढून मला शिकवलं होतं. पण मी हार मानली नाही. या अपयशाने मला शिकवलं की मेहनत आणि सबर यांचं फळ नक्की मिळतं. आज मी पूर्वीपेक्षा मजबूत आहे.'

यात खोटं काहीच नाही. तरीही वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण असं, की यात दुःख आहे पण तिचा स्वतःचा वाटा नाही. पेपर कठीण होता, कर्ज अब्बूंचं होतं, स्वप्न आपोआप तुटलं. मन उघडं करणं म्हणजे रडणं सांगणं, असा आपल्याकडे समज झाला आहे. या निबंधात मन उघडं करणं म्हणजे 'यात माझ्या हातून काय चुकलं' हे सांगणं. कठीण पेपर तर लाखो मुलांना आला. तिच्याबाबतीत वेगळं काय घडलं, ते तिलाच माहीत आहे.

दुसरं कारण, शेवटची दोन वाक्यं कुठल्याही मुलाच्या निबंधाला लागू पडतील. 'मजबूत झाले' हा दावा आहे, पण त्याचा पुरावा दिलेला नाही. सबर हा आपल्या घरांतला मोठा शब्द आहे, पण कागदावर तो दिसत नाही. सबर असलेली मुलगी सकाळी उठून काय करत होती, ते दिसतं. तेच लिहायचं.

मग त्या मुलीला एक साधा प्रश्न विचारायचा: निकालाच्या आधी तुला कधी कळलं होतं? असं विचारलं की बहुतेक वेळा खरी गोष्ट बाहेर येते. समजा ती सांगते, की टेस्ट सिरीजमध्ये गुण घसरत होते, हे तिला डिसेंबरपासून माहीत होतं. दर रविवारी अब्बूंचा फोन यायचा आणि ती 'बरं चाललंय' म्हणायची. चुकलेले प्रश्न ती परत उघडायची नाही, कारण ते पाहिले की भीती वाटायची. पेपर रिकामा सोडायची लाज वाटायची म्हणून अंदाजाने गोल भरायची. म्हणजे तिचं अपयश 344 हा आकडा नाहीच. न येणारी गोष्ट लपवणं, घरच्यांपासूनही आणि स्वतःपासूनही, हे तिचं अपयश. निबंधाचा विषय इथे सापडला.

आता दुसरा मसुदा. सुरुवात: 'डिसेंबर ते एप्रिल मी दर रविवारी अब्बूंशी खोटं बोलले. फार मोठं खोटं नव्हतं, दोनच शब्दांचं होतं.' अपयश इथे दोन ओळींत आलं आणि त्यात तिचा वाटाही आला. पुढे बदल: 'निकालानंतर मी एक वही केली. तीन रकाने: प्रश्न, मी काय उत्तर दिलं, ते देताना मला खरंच येत होतं की नाही. पहिल्याच आठवड्यात दिसलं, की निम्म्याहून जास्त चुका मला येत नसलेल्या प्रश्नांच्या होत्या. मी प्रश्न सोडायला शिकले. 171 ऐवजी 139 सोडवले आणि बरोबर उत्तरं वाढली. त्या वर्षी रविवारी मी अब्बूंना आधी टेस्टचे गुण सांगायचे, मग बाकीचं.'

आणि शेवट: 'सीट मिळाली नाही. वही मात्र राहिली. आता माझा दहावीतला भाऊ आणि त्याचे दोन मित्र रविवारी माझ्याकडे येतात. नियम एकच आहे, आधी काय येत नाही ते सांगायचं. मला बायॉलॉजी शिकायची आहे, कारण या विषयात अजून माहीत नसलेलं खूप आहे आणि ते लपवायची मला आता गरज वाटत नाही.'

इथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, यश आलेलं नाही, तरी वाढ दिसते. पालकांना वाटतं की शेवटी पहिला नंबर आला तरच अपयश सांगण्यात अर्थ आहे. तसं नाही. वाचणारा निकालापेक्षा वागण्यातला फरक शोधत असतो. दोन, बदल ज्या ठिकाणी झाला त्याच्या बाहेरही तो दिसला: आधी वहीत, मग फोनवर, मग भावाच्या अभ्यासात. परीक्षेपुरता बदल ही युक्ती वाटते, दुसरीकडेही दिसला की तो स्वभाव वाटतो. तीन, आकडे मोजकेच आहेत आणि ते काहीतरी सिद्ध करतात.

शब्दांची वाटणी कशी करावी? 650 शब्द असतील तर काय घडलं याला सव्वाशे-दीडशे पुरेत. माझा वाटा काय होता, याला साधारण शंभर. मग काय काय केलं, याला किमान तीनशे. उरलेले आज आणि पुढे यासाठी. बहुतेक मसुद्यांत हे उलटं असतं, तीनचतुर्थांश दुःख आणि शेवटी चार ओळी धडा. तपासायची एक सोपी पद्धत आहे. मसुद्यातल्या क्रियापदांखाली रेघ मारा. 'जाणवलं, समजलं, उमगलं, मजबूत झाले' अशी जास्त असतील तर वाढ फक्त सांगितलेली आहे. 'लिहिलं, विचारलं, सोडून दिलं, बोलावलं' अशी असतील तर ती दिसते आहे.

उघडं होण्याला मर्यादाही आहे. जखम ताजी असेल आणि वागण्यात अजून काहीच बदललं नसेल, तर तो विषय सोडून दुसरा घ्यावा. अर्धवट गोष्टीचा शेवट बळेच गोड करावा लागतो. घरातलं आजारपण, कर्ज, भांडण ही मुलाची एकट्याची गोष्ट नसते, ती घालायची तर आधी घरच्यांना विचारावं. उदाहरणातल्या मुलीने अब्बूंच्या कर्जाची ओळ काढून टाकली आणि निबंधाचं काहीच बिघडलं नाही. घरची परिस्थिती सांगणं गरजेचंच असेल, तर कॉमन अ‍ॅपमध्ये त्यासाठी वेगळी जागा आहे, तिथे साध्या शब्दांत सांगावी. आणि अपयश बनवून लिहू नये. गुणपत्रिका, कॉलेजचा अहवाल, शिक्षकांचं शिफारसपत्र सोबत जातं, काही ठिकाणी मुलाखत असते. वहीबद्दल दुसरा प्रश्न आला आणि वही नसेलच, तर ते लगेच कळतं.

भाषेबद्दल शेवटचं. निबंध इंग्रजीत द्यायचा असला तरी पहिला मसुदा मुलाने ज्या भाषेत अम्मीशी बोलतो त्यातच लिहावा, मराठी असो, उर्दू असो की दखनी. खरी गोष्ट त्याच भाषेत निघते. मग ती स्वतः इंग्रजीत आणावी, साध्या वाक्यांत. कोणी मोठ्याने पूर्ण लिहून दिलेला निबंध सफाईदार असतो, पण त्यात रविवारचा फोन नसतो. घरच्यांनी मसुदा वाचून एवढंच विचारावं: यातलं कुठलं वाक्य दुसऱ्या कुणाचंही असू शकतं? ते काढायचं, आणि त्या जागी जे फक्त आपल्याच घरात घडलं ते लिहायचं.