विषय सोडण्याआधी

अमेरिकेत एमएसला बहुतेक ठिकाणी सत्राला नऊ क्रेडिट, म्हणजे साधारण तीन विषय घ्यावे लागतात. सुरुवातीच्या ॲड-ड्रॉपच्या मुदतीत विषय बदलता येतो. समजा, मशीन लर्निंग जड जातंय. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना पहिला गृहपाठ घेऊनच जा आणि अडलेली पायरी दाखवा; ‘मला झेपेल का?’ या मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच मिळतं. प्रॉबॅबिलिटीचा पायाच कच्चा निघाला, तर ॲडव्हायजरला विचारा, की बदली विषय पदवीच्या अटींत बसतो का. आधी त्यात जागा मिळवा, मगच पहिला सोडा. क्रेडिट कमी पडले तर एफ-१ दर्जा धोक्यात येतो. तिथे ॲडव्हायजरचा होकार पुरत नाही. परवानगी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची लागते, तीही विषय सोडण्यापूर्वी.