समांतर वाक्यांतून कायद्याची परिभाषा

अधिनियमाच्या इंग्रजी व मराठी पाठांतील एकाच अर्थाची वाक्ये जोडीने समोरासमोर मांडणे, यास वाक्यसंरेखन म्हणतात. गेल आणि चर्च यांची १९९३ मधील पद्धत यासाठी वाक्यांची अक्षरसंख्या ताडून पाहते, कारण लांब वाक्याचे भाषांतरही बहुधा लांबच असते. तथापि, ‘प्रोव्हायडेड दॅट’ने जोडलेले एक लांबलचक इंग्रजी वाक्य मराठीत ‘परंतु’पाशी तुटून त्याची दोन वाक्ये होतात, आणि ही एकास दोन अशी जोडी ओळखली न गेल्यास पुढील सर्व जोड्या एकेक घराने सरकतात, म्हणून कलमांचे क्रमांक खुणेचे दगड मानून प्रत्येक कलमाचे संरेखन स्वतंत्रपणे करावे.

त्यानंतर संज्ञा वेचल्या जातात. मुद्रांक कायद्यात ‘इन्स्ट्रुमेंट’ असलेल्या वाक्यांसमोर ‘संलेख’ वारंवार आढळतो आणि इतरत्र क्वचितच, यावरून ही जोडी ठरते. मात्र ‘संलेखाचा’, ‘संलेखावर’ ही रूपे मूळ शब्दाखाली एकत्र न केल्यास मोजणी विखुरते. केवळ वारंवारतेने प्रतिशब्द सिद्ध होत नाही, त्यामुळे सूचीतील प्रत्येक नोंदीसोबत अधिनियमाचे नाव, कलम आणि मूळ वाक्यजोडी द्यावी.