आकड्याशेजारी वेळ लिहा

शुगरच्या वहीतले आकडे दाखवून ‘हे ठीक आहे का?’ असं विचारलं, की समोरच्याला पटकन हो किंवा नाही म्हणावंसं वाटतं. पण 160 हा आकडा सकाळी उपाशीपोटी एक सांगतो आणि जेवणानंतर दोन तासांनी दुसरंच. हे दोन तासही पहिल्या घासापासून मोजायचे. हात धुतल्यापासून मोजले, तर जेवायला लागलेला वेळ त्यात नकळत मिळतो. म्हणून वही वाचणाऱ्याने आधी वेळा लावून घ्याव्यात, निकाल देऊ नये.

समजा, तीन रात्री झोपताना 126, 131, 122 अशा नोंदी आहेत आणि लगेचच्या सकाळी उपाशीपोटी 158, 163, 155. यातल्या 158 आणि 163 मधल्या फरकाला काही अर्थ नाही. 100 च्या वर ग्लुकोमीटर पंधरा टक्के इकडे-तिकडे दाखवू शकतो, आणि आंबा खाऊन हात न धुता बोट टोचलं तर त्याहूनही जास्त. मात्र तिन्ही रात्री काही खाल्ल्याची नोंद नसताना आकडा तीसेकने चढला, हा आकृतिबंध आहे आणि तो तसाच सांगता येतो. कारण मात्र वहीत दिसत नाही. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर सोडतं, त्याने असेल. रात्रीच्या औषधाचा जोर ओसरला असेल. किंवा नोंद केल्यावर घेतलेलं दूध लिहायचं राहिलं असेल. पहाटे तीनची एखादी नोंद असली तर चढ केव्हा सुरू होतो ते कळतं. सकाळचाच आकडा पाहून कुणी इन्सुलिन वाढवलं आणि तीन वाजता साखर आधीच खाली असली, तर ती झोपेतच आणखी उतरेल. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा तो यासाठी.

यावर कुणी म्हणेल, निदान ठीक की नाही एवढं तरी सांगा. पण ‘ठीक’ची रेषा सगळ्यांना एक नसते. गरोदर बाईसाठी उपाशीपोटीची मर्यादा 95 पर्यंत कडक ठेवतात; एकट्या राहणाऱ्या, साखर वारंवार उतरणाऱ्या आजोबांसाठी डॉक्टर ती मुद्दाम सैल करतात. थांबू नये अशी एक जागा आहे: औषध चालू असताना 70 च्या खाली आकडा. तिथे आकृतिबंध शोधत बसू नये. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा.

बाकी वेळी डॉक्टरांकडे जाताना आकड्याशेजारी वेळ, जेवण आणि औषध लिहिलेली पूर्ण वही न्या, आणि ग्लुकोमीटरही सोबत ठेवा. जुने आकडे त्याच्या मेमरीत असतात.