कालवा एक, हिशेब अनेक

एक कालवा आहे असे समजू. बांधायला १०० कोटी रुपये लागणार, त्यानंतर ४० वर्षे शेतीचे उत्पन्न दरसाल ११ कोटींनी वाढणार. नुसती बेरीज केली तर फायदा ४४० कोटींचा. मंत्रालयातल्या भाषणाला हा आकडा पुरतो, पण अर्थशास्त्रज्ञ तो तसाच स्वीकारत नाहीत.

कारण वीस वर्षांनी येणारा रुपया आजच्या रुपयाच्या तोलाचा नसतो. तो किती हलका, हे वटाव दर सांगतो. १२ टक्क्यांनी वीस वर्षांनंतरच्या एक कोटीची आजची किंमत जेमतेम साडेदहा लाख भरते. ब्रिटिश सरकार वापरते त्या साडेतीन टक्क्यांनी ती ५० लाख होते. आशियाई विकास बँक दीर्घकाळ १२ टक्केच धरत असे. त्या दराने आपल्या कालव्याचा ४४० कोटींचा फायदा आज फक्त ९१ कोटींचा उरतो. खर्च १००, फायदा ९१, प्रकल्प नापास.

इथे छाया किमती पुढे येतात. बाजारभाव जिथे कर, अनुदान किंवा बेकारीने वाकडा झालेला असतो, तिथे समाजाला ती वस्तू खरोखर किती महाग पडते ते शोधायचे. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेसाठी पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्गलिन आणि अमर्त्य सेन यांनी १९७२ साली याच पद्धतीची मार्गदर्शिका लिहिली.

आपल्या १०० कोटींपैकी ३० कोटी अकुशल मजुरीचे आहेत असे धरू. त्या मजुरांना एरवी वर्षातला बराच काळ काम नसेल, तर त्यांना कालव्यावर आणल्याने समाजाचे दुसरे उत्पादन फारसे बुडत नाही. म्हणून मजुरी निम्मी, १५ कोटी धरली. खर्च ८५ वर आला आणि नापास कालवा पास झाला! मात्र खोदाई ऊसतोडीच्या हंगामात येत असेल, तर ही सूट गैरलागू. तेव्हा मजुराला हातचे काम सोडून यावे लागते.

आता पिकाकडे पाहू. हे ११ कोटी म्हणजे १८ कोटींच्या उसातून लागवडीचे ७ कोटी वजा केलेले. उसाचा भाव सरकार ठरवते, म्हणून अर्थतज्ज्ञ साखरेचा बंदरावरचा भाव पाहतात आणि त्यावरून उसाची किंमत काढतात. ती २० टक्क्यांनी कमी निघाली, तर निव्वळ फायदा ११ वरून ७.४ कोटींवर घसरतो आणि आजचे मोल ६१ कोटी उरते. कालवा पुन्हा नापास. पंपाची वीज स्वस्त आणि खत अनुदानित असेल, तर लागवडीचा खरा खर्चही ७ कोटींहून जास्त.

म्हणजे कुणाला हवा तो निकाल काढता येतो का? बऱ्याच अंशी, हो. मजुरीला छाया किंमत लावायची आणि उसाला मात्र बाजारभाव ठेवायचा, ही हातचलाखी सहज खपते. अहवाल चाळताना दोन्ही बाजूंना एकच माप लावले आहे का, हे आधी तपासावे. मग पाणी पाच वर्षे उशिरा आले तर काय, हे विचारावे. १२ टक्के दराने तेवढ्या विलंबाने ९१ कोटींचे सुमारे ५१ कोटी होतात, आणि खर्च बहुतेक आधीच झालेला असतो.