साहेबांचं नाव नको, पद लिहा

आमच्या शिवणकेंद्राला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाची ऑर्डर लागली, ती ३ जुलै २०२३ ला. चादरी, उशांचे अभ्रे आणि पेशंटचे गाऊन. चोवीस लाखांचं काम, वर्षभरात हप्त्याहप्त्याने द्यायचं. पेढे वाटून झाले आणि संध्याकाळी शांतपणे ऑर्डरचं पत्र वाचायला बसले. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: कंत्राटाच्या ५ टक्के रकमेची परफॉर्मन्स सिक्युरिटी २१ दिवसांत जमा करावी, अन्यथा आदेश रद्द समजण्यात येईल.

पाच टक्के म्हणजे १,२०,००० रुपये. मला वाटलं, आपल्याला हे माफ असणार. लघुउद्योगाची नोंदणी असल्यामुळे टेंडर भरताना बयाणा रक्कम माफ झाली होती ना! दुसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या भांडार विभागात विचारलं, तर क्लार्कभाऊ हसले. "ताई, बयाणा टेंडर भरण्यापुरता. ही काम नीट कराल याची हमी आहे. डीडी द्या, नाहीतर बँक गॅरंटी आणा."

डीडी दिला असता तर रक्कम दीड वर्ष तिथे बिनव्याजी पडून राहिली असती. बँक गॅरंटीत आपले पैसे सरकारकडे जातच नाहीत. बँक लिहून देते, की या बाईंनी करार पाळला नाही तर तुम्ही मागाल तेव्हा या रकमेपर्यंतचे पैसे आम्ही देऊ. यात तीन पक्ष. गॅरंटी मागणारी मी, ती देणारी बँक आणि जिच्या नावाने ती निघते ते रुग्णालय. बँकेच्या भाषेत रुग्णालय म्हणजे बेनिफिशियरी, आपल्या भाषेत लाभार्थी.

आता बँक फुकट कुणाची हमी घेते? तिला मार्जिन लागतं. मार्जिन म्हणजे गॅरंटीच्या रकमेपैकी आपण बँकेकडे अडकवून ठेवायचा हिस्सा. ज्यांची बँकेत आधीपासून गॅरंटीची लिमिट मंजूर असते, त्यांना थोडं मार्जिन चालतं, बाकी रकमेसाठी घर किंवा दुकान तारण असतं. मॅनेजर म्हणाले, "लिमिट करायची तर पंचवीस टक्के मार्जिन, म्हणजे तीस हजार. पण घराची कागदपत्रं, मूल्यांकन, वकिलाचा अहवाल हे सगळं आलं, आणि वेळही जाईल. एफडी असेल तर शंभर टक्के मार्जिनवर चार दिवसांत देतो."

एफडी होती. लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली, सव्वा लाखाची, माझ्या आणि ह्यांच्या जोडनावावर. रात्री ती पावती टेबलावर ठेवून आम्ही दोघं बराच वेळ बसलो. ही मोडायची नव्हती, व्याज चालूच राहणार होतं. फक्त बँक तिच्यावर लीन, म्हणजे आपला हक्क नोंदवणार होती आणि तो उठेपर्यंत आम्हाला तिला हात लावता येणार नव्हता. हे म्हणाले, "आणि रुग्णालयाने पैसे मागितलेच तर?" प्रश्न बरोबर होता. गॅरंटीच्या मजकुरात असं असतं, की लाभार्थीने लेखी मागणी केली की बँक हरकत न घेता पैसे देईल. चूक कुणाची हे बँक तपासत बसत नाही. कोर्टसुद्धा उघड फसवणूक किंवा भरून न येणारा अन्याय असेल तरच मधे पडतं. बँक पैसे देते आणि आमच्याकडून काउंटर गॅरंटी लिहून घेतलेली असते, त्यावर ती आमची एफडी वळती करून घेते. हे समजून ह्यांनी सही केली. जोडनावाची ठेव असेल तर दोघांची सही लागते, एकटीने जाऊन काम होत नाही.

आता चूक सांगते, माझीच.

अर्जात लाभार्थीचं नाव लिहायचं होतं. ऑर्डरवर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही, खाली कंसात त्यांचं नाव. मी बापडीने डॉक्टरसाहेबांचं नावच लिहिलं! मजकूर कोणता हवा असं विचारलं, तर म्हटलं, तुमचा छापील असेल तो द्या. गॅरंटी तयार झाली, मी मोठ्या दिमाखात १३ तारखेला नेऊन दिली. १८ ला परत आली. शेरा दोन ओळींचा: गॅरंटी वैयक्तिक नावाने आहे, आणि मजकूर टेंडरच्या परिशिष्टातल्या नमुन्याप्रमाणे नाही. हातात सहा दिवस, त्यात रविवार.

क्लार्कभाऊंनी समजावलं, "अहो ताई, साहेब उद्या बदलून जातील. मग गॅरंटी कुणाची? पद लिहा, कार्यालय लिहा." खरंच की. पुढे सहा महिन्यांत साहेबांची बदली झालीच.

बँकेत धावले. पहिली गॅरंटी मूळ प्रतीसह परत करून रद्द केली, नवा स्टॅम्प पेपर, नवा अर्ज. या वेळी काउंटरवरच्या मॅडमनी माझ्याशेजारी बसून अर्ज लिहून घेतला. तो जवळपास असा होता:

"विषय: रु. १,२०,००० ची परफॉर्मन्स बँक गॅरंटी मिळण्याबाबत.

महोदय, आमच्या फर्मला सोबतच्या दि. ३ जुलै २०२३ च्या पुरवठा आदेशानुसार कापडी साहित्य पुरवण्याचे रु. २४,००,००० चे काम मिळाले आहे. त्यासाठी खालीलप्रमाणे गॅरंटी द्यावी.

लाभार्थी: जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा रुग्णालय (पूर्ण पत्ता आदेशाप्रमाणे). लाभार्थीच्या बँकेचे व शाखेचे नाव आणि आयएफएससी कोड सोबत जोडला आहे.

रक्कम: रु. १,२०,००० (अक्षरी रुपये एक लाख वीस हजार फक्त).

मुदत: दि. ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत.

मार्जिन: १०० टक्के. आमच्या संयुक्त नावावरील मुदत ठेवीवर रु. १,२०,००० इतका लीन नोंदवावा. दोन्ही ठेवीदारांचे संमतिपत्र सोबत आहे.

मजकूर: टेंडरच्या परिशिष्टातील नमुन्याप्रमाणे, शब्दात बदल न करता. कमिशन व इतर खर्च आमच्या चालू खात्यातून वळता करावा."

यातल्या दोन गोष्टी थोड्या उलगडून सांगते. आयएफएससी कोड कशाला, असं मलाही वाटलं होतं. गॅरंटीचा कागद खोटा नाही याची खात्री लाभार्थीला हवी असते, म्हणून आपली बँक त्यांच्या बँकेला संगणकावरून वेगळा संदेश पाठवते. कोड चुकला तर संदेश भलत्याच शाखेत, आणि कागद हातात असूनही कार्यालय म्हणतं, खात्री आली नाही. कोड अंदाजाने टाकू नये, कार्यालयाच्या लेखा विभागाकडून लिहून घ्यावा.

दुसरी गोष्ट तारखेची. काम वर्षाचं, मग गॅरंटी वर्षाची, असं मी धरलं होतं. मॅडमनी टेंडर उघडायला लावलं. पुरवठा ३० जून २०२४ ला संपणार. त्यानंतर तीन महिने सदोष माल बदलून देण्याची जबाबदारी आमची, म्हणजे ३० सप्टेंबर. आणि सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यावर आणखी ६० दिवस गॅरंटी चालू पाहिजे अशी अट. बोटं मोजली, २९ नोव्हेंबर आला. एक दिवस वर धरून ३० लिहिला.

पण बँकेची दुसरीही एक तारीख असते, क्लेमची. मुदतीच्या आत काही बिघडलं तर लाभार्थीने मागणी कधीपर्यंत पाठवायची, ती ही तारीख. आमच्या बँकेने ती एक वर्ष पुढची, ३० नोव्हेंबर २०२५ धरली आणि कमिशनही तिथपर्यंत लावलं. पूर्ण एफडी मार्जिन असल्यामुळे दर वर्षाला १ टक्का होता, आणि तिमाही अर्धवट असली तरी पूर्ण मोजतात. नोव्हेंबर २०२४ पर्यंत सहा तिमाह्या, म्हणजे १,८०० रुपये. २०२५ पर्यंत दहा, म्हणजे ३,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,५४०. टेंडरमध्ये वर्षभराचा क्लेम मागितलेला नव्हता, म्हणून मी मॅनेजरशी वाद घातला. ते म्हणाले, "हेड ऑफिसचा नियम." दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलंय, की बँकेने बारा महिन्यांचा क्लेम ठेवलाच पाहिजे असं कायदा सांगत नाही. हे मला पुढे कळलं. तेव्हा माहीत असतं तर निदान लेखी मागितलं असतं! कमिशनचा दर आणि क्लेमची तारीख अर्जाआधी दोन बँकांत विचारावी, फरक पडतो.

शुक्रवारी, २१ ला गॅरंटी हातात आली. तिथेच काउंटरवर उभी राहून नाव, रक्कम, तारीख, आदेशाचा क्रमांक टेंडरशी ताडून पाहिला. सोमवारी, शेवटच्या दिवशी कार्यालयात दिली आणि पोच घेतली.

काम सुरू झालं, पण गाऊनच्या कापडाचा नमुना मंजूर व्हायला दोन महिने गेले. शेवटचा हप्ता ३० जूनऐवजी ३१ ऑगस्टला पोचला. कार्यालयाने मुदतवाढ लेखी दिली होती. माल गेला, बिलाचा पाठपुरावा चालू होता, आणि गॅरंटीकडे माझं पार दुर्लक्ष झालं. २० नोव्हेंबरला पत्र आलं: गॅरंटीची मुदत वाढवून द्यावी, नाहीतर ती वटवण्यात येईल. पोटात गोळाच आला. माल चोख, तक्रार एक नाही, आणि तरी लेकीची एफडी जाणार? पण त्यांचंही खरं होतं. पुरवठा ऑगस्टअखेर संपला म्हणजे जबाबदारी ३० नोव्हेंबरपर्यंत आणि त्यावर ६० दिवस धरले तर २९ जानेवारी. आमची गॅरंटी ३० नोव्हेंबरलाच संपत होती. रात्र सरायच्या आत गॅरंटी गेलेली असेल, मग त्यांच्या हातात काय राहणार? म्हणून ते मुदत संपण्याआधीच वटवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बँकेत. अर्जासोबत कार्यालयाचं पत्र आणि मुदतवाढीचं पत्र जोडलं, तारीख मागितली ३१ जानेवारी २०२५. गॅरंटी नवी करत नाहीत, जुन्यालाच दुरुस्तीपत्र लागतं, आणि त्याचाही संदेश त्यांच्या बँकेला जातो. क्लेमची तारीखही पुढे सरकली, म्हणून एका तिमाहीचे ३०० आणि जीएसटी ५४ रुपये आणखी. २६ ला पत्र पोचतं केलं. तेव्हापासून गॅरंटीची तारीख देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिते, आणि दोन महिने आधी एकदा.

जानेवारी संपला. गॅरंटीची मुदत संपली म्हणजे एफडी आपोआप मोकळी होईल, असं समजून मी बँकेत गेले. मॅडम म्हणाल्या, "क्लेमची तारीख २०२६ ची आहे. आधी हवी असेल तर मूळ गॅरंटी, दुरुस्तीपत्र आणि कार्यालयाचं मुक्ततापत्र आणा." तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा फाईल सापडली नाही, दुसऱ्यांदा सही करणारे साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा क्लार्कभाऊंनी कपाटातून पिवळा लिफाफा काढला आणि नव्या साहेबांच्या सहीचं पत्र त्यात घालून दिलं. त्यात लिहिलं होतं, की या गॅरंटीखाली आमची कोणतीही मागणी नाही. त्याच दुपारी बँकेने लीन काढला. ह्यांनी एफडीची पावती घरी नेऊन लेकीच्या हातात दिली. तिने फक्त व्याज किती झालं ते विचारलं.